वास्तववादी विधान, आदर्शवादी विधान आणि 'इतर परिस्थिती कायम असताना': कांदा निर्यातबंदी समोर ठेवून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आणि बाजारभावाच्या बातम्या वाचून वैतागलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. दर प्रश्नाला नवं उदाहरण घेण्यापेक्षा एकच धरून ठेवलं आहे: केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी घातलेली आणि ४ मे २०२४ रोजी उठवलेली कांद्याची निर्यातबंदी.

१. वास्तववादी विधान आणि आदर्शवादी विधान म्हणजे नेमकं काय? सोप्या शब्दांत सांगा.

दोन वाक्यं घ्या. "निर्यात बंद केली की देशातला कांद्याचा भाव उतरतो." आणि "सामान्य गिऱ्हाइकाला कांदा परवडावा म्हणून निर्यात बंद करायलाच हवी." पहिलं वास्तववादी, दुसरं आदर्शवादी.

पुस्तकात व्याख्या मिळते: जे आहे ते सांगणारं वास्तववादी, जे असावं ते सांगणारं आदर्शवादी. व्याख्या ठीक आहे, पण ती पाठ करून फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा असं विचारा: या वाक्यावर दोघांचं भांडण झालं, तर ते मिटवायचं कसं? पहिल्या वाक्यावर भांडण असेल तर लासलगाव, पिंपळगाव बसवंत इथल्या बाजार समित्यांचे लिलावाचे भाव आणि आवक काढून बसता येतं. काम किचकट असेल (किती किचकट, ते प्रश्न ८ मध्ये), पण भांडण आकड्यांपाशी मिटण्यासारखं आहे. दुसऱ्या वाक्याचं तसं नाही. निफाडचा कांदा उत्पादक आणि मुंबईतला भाडेकरू, दोघांनी सगळे आकडे मान्य केले तरी त्यांचं मत वेगळंच राहू शकतं, कारण कुणाच्या खिशाला आधी जपायचं हे आकडे सांगत नाहीत.

ही विभागणी अर्थशास्त्रात ठसठशीतपणे मांडली ती जॉन नेव्हिल केन्स यांनी, १८९१ मध्ये. (जॉन मेनार्ड केन्स यांचे हे वडील. परीक्षेत या दोघांची हटकून गल्लत होते.) त्यांनी खरं तर दोन नव्हे, तीन भाग केले होते. तिसरा भाग म्हणजे कला: ठरलेलं उद्दिष्ट गाठायचं कसं, याचे नियम. पाठ्यपुस्तकात तो बहुधा गळतो, आणि त्यामुळे पुढे जो घोळ होतो तो प्रश्न ३ मध्ये येतो.

२. वास्तववादी विधान म्हणजे खरं विधान, असंच ना?

नाही. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

"निर्यातबंदी जाहीर झाली की दुसऱ्याच दिवशी पुण्यातल्या हातगाडीवर कांदा निम्म्या भावाने मिळतो." हे विधान चुकीचं आहे. घाऊक लिलावातला भाव एका दिवसात कोसळू शकतो, पण किरकोळ विक्रेत्याकडे आधीच्या भावाने घेतलेला माल असतो, शिवाय मधली वाहतूक, तूट आणि मार्जिन एका रात्रीत कमी होत नाहीत. तरीही विधान वास्तववादीच आहे, कारण ते चूक की बरोबर हे बाजारात जाऊन पाहता आलं.

भाकितांचंही तेच. "पुढच्या वर्षी कांद्याची लागवड घटेल" हे आज तपासता येणार नाही, पण काय दिसलं म्हणजे ते खोटं ठरेल हे आज सांगता येतं. तेवढं पुरे आहे. उलट आदर्शवादी विधानाला खरं-खोटं हे मापच लागत नाही. ते पटतं किंवा पटत नाही, त्यामागची कारणं सबळ किंवा लंगडी असतात.

३. वाक्यात 'पाहिजे', 'हवं', 'योग्य' असे शब्द आले की आदर्शवादी, एवढी युक्ती पुरते का?

सोप्या प्रश्नांत चालते. जरा तिरकं वाक्य आलं की फसवते, आणि ती तीन ठिकाणी फसवते.

पहिलं ठिकाण म्हणजे दुसऱ्याच्या मताची नोंद. "निर्यातबंदी उठवली पाहिजे, असं नाशिक जिल्ह्यातल्या शेतकरी संघटनांचं म्हणणं होतं." वाक्यात 'पाहिजे' आहे, पण लिहिणारा फक्त कोण काय म्हणालं ते सांगतो आहे. ते तसं म्हणाले की नाही हे तपासता येतं, म्हणून विधान वास्तववादी.

दुसरं ठिकाण म्हणजे अटीचं 'पाहिजे'. "देशातला भाव महिनाभरात उतरवायचा असेल, तर निर्यात रोखली पाहिजे." इथे भाव उतरवावा की नाही यावर वाक्य काहीच बोलत नाही. उतरवायचाच असेल तर कोणता मार्ग लागू पडेल, एवढंच सांगतं. हीच जॉन नेव्हिल केन्स यांची कला. 'असेल तर' हा भाग पुसून टाका, वाक्य लगेच आदर्शवादी होतं. टीव्हीवरच्या चर्चेत हा भाग फार सहज पुसला जातो.

तिसरं ठिकाण सर्वांत निसरडं: 'पाहिजे' कुठेच नाही, पण निवाडा शब्दात दडलेला आहे. 'रास्त भाव', 'अवास्तव महागाई', 'नफेखोरी', 'शेतकऱ्यांची लूट'. "कांदा ऐंशी रुपये किलो झाला" ही माहिती. "कांदा अवास्तव महागला" यात वास्तव भाव किती असायला हवा होता, हे बोलणाऱ्याने आधीच मनाशी ठरवलेलं आहे. असं वाक्य कसं फोडायचं ते प्रश्न ११ मध्ये करून दाखवलं आहे.

४. 'इतर परिस्थिती कायम असताना' यात 'इतर' म्हणजे कोण कोण? आणि ही अट नियमाला जोडायची गरजच काय?

मागणीचा नियम म्हणतो की इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की मागणी घटते. कांद्याच्या मागणीपुरते हे 'इतर' म्हणजे लोकांचं उत्पन्न, बटाटा-टोमॅटोसारख्या बरोबरीच्या भाज्यांचे भाव, खाण्याच्या सवयी, सणवार, खाणाऱ्यांची संख्या आणि उद्याच्या भावाबद्दलचा अंदाज. पुरवठ्याच्या बाजूला पाऊस, बियाणं-मजुरीचा खर्च, कांदा साठवायच्या चाळीतला शिल्लक साठा, सरकारी खरेदी वगैरे. लॅटिनमध्ये या अटीला 'सेटेरिस पॅरिबस' म्हणतात.

गरज अशी की कांदा किती खपला हा एकच आकडा, आणि त्याला एकाच वेळी आठ-दहा हात ओढत असतात. त्यातला एक हात किती जोर लावतो हे सांगायचं, तर बाकीचे धरून ठेवायला हवेत. प्रयोगशाळेत तापमान खरोखर स्थिर ठेवता येतं. बाजारात पाऊस थांबवता येत नाही, म्हणून निदान कागदावर थांबवायचा. आल्फ्रेड मार्शल यांनी यासाठी दिलेला दाखला आपल्याकडे कुणालाही कळेल: त्रास देणारे घटक तात्पुरते कोंडवाड्यात घालायचे, एकाचा अभ्यास उरकायचा, मग एकेकाला बाहेर काढायचं. तात्पुरते हा शब्द महत्त्वाचा. कोंडून ठेवलेली जनावरं नाहीतच असं मार्शल म्हणत नव्हते.

५. पण प्रत्यक्षात काहीच कायम राहत नाही. मग ही अट म्हणजे शुद्ध थाप नाही का?

अट गाळली की काय होतं, याचा एक जुना आणि बोलका दाखला आहे. हेन्री मूर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९१४ मध्ये कच्च्या लोखंडाच्या किमती आणि खप यांचे वर्षावर्षांचे आकडे घेतले आणि त्यातून मागणीचा वक्र काढला. त्यांना दिसलं की किंमत वाढते तेव्हा खपही वाढतो. मागणीचा एक नवाच प्रकार सापडला, असं त्यांनी जाहीर केलं.

सापडलं होतं वेगळंच. तेजीच्या वर्षांत रेल्वे, कारखाने, बांधकामं सगळीकडून लोखंडाला मागणी वाढायची, त्यामुळे किंमतही चढायची आणि खपही. मंदीत दोन्ही उतरायचे. म्हणजे मागणीचा वक्र एका जागी उभा नव्हताच. तो पुढे-मागे सरकत होता, आणि मूर यांनी जे बिंदू जोडले ते बहुतांशी पुरवठ्याच्या वक्रावरचे होते. 'इतर' मधला एक मोठा घटक, धंद्याची तेजी-मंदी, कायम नव्हता आणि त्यांनी त्याची दखल घेतली नाही.

यातून पुढे सुटका कशी झाली, तेही पाहा. फिलिप राइट यांनी १९२८ मध्ये दाखवलं की मागणीचा वक्र खरोखर पाहायचा असेल, तर असा एखादा घटक शोधा जो फक्त पुरवठा हलवतो आणि मागणीला हात लावत नाही. कांद्यात तो सहज सापडतो: काढणीच्या तोंडावर नाशिक पट्ट्यात झालेली गारपीट. गारपिटीने निफाडचं पीक झोडपलं म्हणून कोलकात्यातल्या घरातली कांदा खायची आवड बदलत नाही. तेव्हा त्या काळात कोलकात्यात भाव किती चढला आणि खप किती घटला हे पाहिलं, तर मागणीबद्दल काहीतरी भरवशाचं कळतं. अट थाप असती तर हे शोधायची वेळच आली नसती. कुठे पाहायचं हे त्या अटीनेच सांगितलं.

६. एक छोटं मॉडेल आकडे घालून सोडवून दाखवाल का?

दाखवतो. आकडे काल्पनिक आहेत, हिशेब नीट बसावा म्हणून निवडलेले. किंमत रुपये किलोमागे, माल क्विंटलमध्ये, सगळं एका दिवसाचं.

शेतकऱ्यांनी बाजारात आणलेला माल: १०० क्विंटल. देशातली मागणी:

मागणी = १२० − (२ × किंमत)

परदेशी गिऱ्हाईक, खर्च वजा जाता, २० रुपये देतं. निर्यात खुली असताना २० पेक्षा कमी भावाने देशात कोण विकेल? म्हणून देशातला भावही २०. त्या भावाला देशात खपतो १२० − ४० = ८० क्विंटल, आणि उरलेला २० क्विंटल बाहेर जातो.

आता निर्यात बंद. अख्खा १०० क्विंटल देशातच खपवायचा. १०० = १२० − (२ × किंमत), म्हणजे किंमत १० रुपये.

कुणाचं काय झालं? शेतकऱ्यांना १०० क्विंटलवर किलोमागे १० रुपये कमी मिळाले: तोटा १,००,००० रुपये. ग्राहक आधीपासून जे ८० क्विंटल घेत होते त्यावर त्यांचे ८०,००० रुपये वाचले. वरचा २० क्विंटल ते नव्याने घेऊ लागले. त्यासाठी ते २० ते १० रुपयांच्या दरम्यान, सरासरी १५ मोजायला तयार होते, पण पडले १०. तिथे किलोमागे ५ रुपयांप्रमाणे आणखी १०,००० चा फायदा. ग्राहकांचा एकूण फायदा ९०,०००. मधल्या मध्ये १०,००० रुपये कुणालाच मिळाले नाहीत: परदेशात ज्याला २० रुपये मिळत होते तो कांदा देशात सरासरी १५ च्या गरजेला लागला.

कोंडवाड्यात काय काय घातलं ते मोजा. आवक १०० वर स्थिर ठेवली. मधले व्यापारी, हमाली, तूट वगळली. पाऊस, सण, अफवा सगळं स्थिर. यातली आवकीची अट कांद्याची जात पाहूनच धरता येते. खरिपाचा लाल कांदा फार टिकत नाही, काढला की विकावाच लागतो, म्हणून त्याला 'आवक स्थिर' हे बरंच लागू पडतं. रब्बीचा उन्हाळ कांदा चाळीत काही महिने राहतो, भाव पडला तर शेतकरी ट्रॅक्टर बाजारात आणतच नाही. तिथे हेच मॉडेल वापरलं तर भाव जितका पडेल म्हणून सांगेल, तितका पडणार नाही. २०२३ ची बंदी डिसेंबरात, लाल कांद्याच्या हंगामात आली. शेतकऱ्याला थांबायची सोय सर्वांत कमी असते तो हा काळ.

७. मग १०,००० रुपये बुडाले हे गणितानेच दाखवलं. निर्यातबंदी चूक आहे हे सिद्ध झालं ना?

सिद्ध झालं ते एवढंच की या मॉडेलमध्ये शेतकऱ्यांचा तोटा ग्राहकांच्या फायद्यापेक्षा १०,००० ने जास्त आहे, म्हणजे ग्राहकांनी सगळा फायदा काढून दिला तरी शेतकऱ्यांची पूर्ण भरपाई होणार नाही. हे वास्तववादी विधान आहे. 'म्हणून बंदी चूक' इथपर्यंत जायला आणखी एक पायरी लागते, आणि ती पायरी आदर्शवादी आहे: शेतकऱ्याचा एक रुपया आणि ग्राहकाचा एक रुपया सारखाच मोजायचा.

ती पायरी बदलून पाहा. समजा कुणी म्हणालं, शहरातल्या गरीब ग्राहकाच्या रुपयाला मी सव्वापट वजन देतो. मग ९०,००० चे झाले १,१२,५०० आणि बंदी फायद्याची ठरली. दुसरा म्हणेल, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या रुपयाला जास्त वजन द्या. मग बंदी पहिल्यापेक्षाही वाईट ठरेल. तिन्ही हिशेबांत वास्तववादी भाग तोच आहे. लायोनेल रॉबिन्स यांनी १९३० च्या दशकात हाच आग्रह धरला होता की एका माणसाच्या समाधानाची दुसऱ्याच्या समाधानाशी तुलना करायला शास्त्रीय माप नाही, ती तुलना माणूस आपल्या मूल्यांनुसार करतो.

नुसत्या 'आहे' वरून 'असावं' निघत नाही हा मुद्दा त्याहून जुना, डेव्हिड ह्यूम यांचा, अठराव्या शतकातला. माझं स्वतःचं मत विचाराल तर हंगामाच्या ऐन मध्यात, पूर्वसूचना न देता केलेली बंदी मला अन्यायाची वाटते. पण हे मत म्हणून वाचा. वरच्या गणितातून ते निघालेलं नाही.

८. डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली आणि नंतर भाव पडले. म्हणजे मॉडेल बरोबर निघालं, नाही का?

दिशा बरोबर निघाली. पण भाव जितका पडला तो सगळा बंदीच्या खात्यावर लिहिता येत नाही, कारण त्या आठवड्यांत 'इतर परिस्थिती' अजिबात कायम नव्हती.

डिसेंबरात एरवीही खरिपाच्या लाल कांद्याची आवक वाढत जाते, आणि पाठोपाठ रांगडा कांदा येतो. बंदी आली नसती तरी या काळात भाव उतरण्याकडेच कल असतो. शिवाय बंदी ही काही पहिली चाल नव्हती. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं होतं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत ठरवली गेली होती. म्हणजे निर्यात आधीच आखडलेली होती, आणि प्रश्न ६ मधल्यासारखी 'पूर्ण खुली ते पूर्ण बंद' अशी उडी प्रत्यक्षात नव्हती. बंदीतही काही देशांना सरकारी परवानगीने माल जात होता.

मग बंदीचा वाटा ओळखायचा कसा? बंदीच्या आदल्या दिवसाचा भाव आणि महिन्यानंतरचा भाव यांची वजाबाकी ही सर्वांत वाईट पद्धत, कारण तिच्यात हंगामाची घसरणही बंदीच्या नावावर पडते. बरी पद्धत म्हणजे जाहीर झाल्यानंतरचे पहिले दोन-चार दिवस पाहणं. तेवढ्यात पीक बदलत नाही, त्यामुळे घाऊक भावातली अचानक घसरण बरीचशी बंदीची. त्याहून चांगली म्हणजे देशातला भाव आणि शेजारच्या बाजारातला भाव यांच्यातलं अंतर पाहणं. हंगामाने भाव उतरत असता तर भारताकडून कांदा घेणाऱ्या बांगलादेशातही तो उतरायला हवा होता. तिथे तो बंदीनंतर लगेच भडकला. एकीकडे पडतो आणि दुसरीकडे चढतो आहे, हे फक्त पावसाने किंवा हंगामाने समजावता येत नाही. हीच त्या मोसमातली बंदीची सर्वांत स्वच्छ खूण.

९. श्रावणात कांदा स्वस्त झाला तरी आमच्याकडे कुणी घेत नाही. मग मागणीचा नियम मोडला ना?

नियम मोडला नाही, वक्र सरकला. चातुर्मासात अनेक घरांत कांदा-लसूण बंद होतं, म्हणजे 'खाण्याच्या सवयी' हा कोंडवाड्यातला घटक बाहेर आला. प्रश्न ६ मधली मागणी समजा १०० − (२ × किंमत) झाली. २० रुपयांना आधी ८० क्विंटल खपत होता, आता १५ रुपयांनाही ७० च खपतो. पण श्रावणाच्या आतच तुलना करा: २० ला ६० खपला असता, १५ ला ७० खपतो. नियम शाबूत आहे.

बारावीच्या पुस्तकात यालाच दोन नावं आहेत. फक्त किंमत बदलल्याने त्याच वक्रावर वर-खाली जाणं म्हणजे मागणीतील विचलन (विस्तार किंवा संकोच). इतर घटक बदलल्याने अख्खा वक्र सरकणं म्हणजे मागणीतील बदल (वृद्धी किंवा ऱ्हास). भाव चढत असताना 'उद्या आणखी चढेल' म्हणून पाच किलो जास्त घेणं हेही दुसऱ्यात येतं, कारण अंदाज बदललेला असतो. खरा अपवाद म्हणजे गिफेन वस्तू, जिथे बाकी सगळं धरून ठेवलं तरी किंमतीबरोबर मागणी वाढते. त्यासाठी गरीब घराच्या खर्चाचा फार मोठा वाटा त्या एका हलक्या वस्तूवर जात असावा लागतो. कांद्यावर तेवढा जात नाही.

१०. ही अट लावून कुठलाही सिद्धान्त वाचवता येतो. ती पळवाट कधी ठरते?

दोन वेळा, आणि दुसरी जास्त धोक्याची.

पहिली वेळ म्हणजे यादी न देता अट लावणं. भाकीत चुकलं की 'इतर परिस्थिती कायम नव्हती' म्हणायचं, पण कोणती हे सांगायचं नाही. असं केलं की विधान कशानेच खोटं ठरू शकत नाही, म्हणजे प्रश्न २ च्या कसोटीवर ते वास्तववादीही उरत नाही. यावर उपाय साधा आहे: काय काय धरून ठेवलं ते आधी लिहून द्या, निकाल लागल्यावर नाही.

दुसरी वेळ म्हणजे धोरणामुळेच जे बदलणार आहे, ते 'कायम' धरणं. पाऊस कायम धरला तर चालतं, कारण बंदी घातली म्हणून पाऊस कमी होत नाही. पण लागवड? भाव दहावर आलेला पाहिलेला शेतकरी पुढच्या हंगामात तेवढंच रोप लावेल असं धरणं म्हणजे बंदीचा अर्धा परिणाम हिशेबाबाहेर टाकणं. प्रश्न ६ च्याच मॉडेलमध्ये बघा. पुढच्या वर्षी आवक १०० ची ९० झाली, तर बंदी असूनही भाव १५. आवक ८० वर आली, तर भाव पुन्हा २०. ग्राहक जिथून निघाला तिथेच परत आला, निर्यात शून्य, आणि शेतकरी १०० ऐवजी ८० क्विंटल विकतो आहे. एका हंगामापुरतं बरोबर असलेलं मॉडेल दोन हंगामांवर ताणलं की उत्तर असं फिरू शकतं.

म्हणून कुणी 'इतर परिस्थिती कायम' म्हटलं की मी विचारतो, किती काळापुरती? आठवड्यापुरती आवक कायम धरता येते. दोन-तीन महिन्यांत चाळीतला साठा हलतो. वर्षभरात लागवड हलते. निर्यातीत आणखी एक गोष्ट हलते: भारताकडून माल वेळेवर मिळत नाही असं दिसलं की परदेशी गिऱ्हाईक दुसरीकडे सौदे करतं आणि बंदी उठल्यावर लगेच परत येतंच असं नाही.

११. बातमीतलं सरमिसळ वाक्य कसं फोडायचं? एक करून दाखवा.

हे घ्या: "नफेखोर व्यापाऱ्यांच्या साठेबाजीमुळे कांदा अवास्तव महागला असून, सरकारने तातडीने साठा मर्यादा लावलीच पाहिजे." चर्चेत रोज ऐकू येतं तसलं वाक्य.

'कांदा महागला' हे तपासता येतं, तारीख आणि बाजार विचारा. 'अवास्तव' हा निवाडा. तो बाजूला ठेवा, किंवा बोलणाऱ्याला वास्तव भाव किती ते विचारा. 'साठेबाजीमुळे' हे कारणाचं विधान आहे, म्हणून वास्तववादी, आणि त्यालाच 'इतर परिस्थिती कायम' ची कसोटी लावायची असते. पाऊस, आवक, निर्यात तेव्हा कशी होती? आवक घटली असेल तर साठा न करताही भाव चढला असता. इथे प्रश्न ८ सारखीच खूण शोधता येते: व्यापाऱ्यांनी खरंच माल दाबून ठेवला असेल, तर तो पुढे कधीतरी बाजारात येणारच, आणि आला की भाव उतरायला हवा. पुढे भाव उतरला नाही, नवीन पीक येईपर्यंत चढाच राहिला, तर टंचाई खरीच होती. 'नफेखोर' हाही निवाडा. ज्याने एप्रिलमध्ये घेतलेला कांदा सप्टेंबरसाठी ठेवला, त्याने ठेवला नसता तर सप्टेंबरात तो मिळालाच नसता, असंही कुणी म्हणू शकतं.

उरलं 'साठा मर्यादा लावलीच पाहिजे'. यात दोन गोष्टी चिकटलेल्या आहेत: मर्यादा लावली की भाव उतरेल हे वास्तववादी भाकीत, आणि भाव उतरणं व्यापाऱ्याच्या व शेतकऱ्याच्या नुकसानीपेक्षा महत्त्वाचं आहे ही आदर्शवादी भूमिका. भाकितावर वाद असेल तर आकडे आणा. भूमिकेवर असेल तर आकडे आणून उपयोग नाही, कुणाला किती वजन द्यायचं आणि का, हे उघड बोलावं लागेल.

१२. वास्तववादी अर्थशास्त्र तरी पूर्णपणे निःपक्षपाती असतं का?

विधान तपासण्यात मूल्यं येऊ नयेत, हे बरंचसं साधतं. काय तपासायचं हे ठरवताना मात्र ती येतातच, असं स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नर मिर्दाल यांनी बजावून ठेवलं होतं. मूल्यं लपवण्यापेक्षा ती आधीच सांगून टाका, हा त्यांचा सल्ला.

कांद्यातच पाहा. ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याला जाहीर होतो आणि त्याची ठळक बातमी होते, म्हणून 'बंदीने महागाई किती उतरली' हा प्रश्न ताबडतोब विचारला जातो आणि त्याचं उत्तरही मिळतं. त्याच महिन्यात लाल कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याचं निव्वळ उत्पन्न किती घटलं, हे सांगणारा तितकाच ठळक मासिक आकडा नाही. दोन्ही प्रश्न वास्तववादी आहेत. पहिल्याचं ढोबळ उत्तर दर महिन्याला समोर येतं, दुसऱ्यासाठी कुणालातरी मुद्दाम बाजार समितीच्या पावत्या आणि एकरी खर्च गोळा करत बसावं लागतं.